शाफ्ट शोल्डरलाच का तुटतो, आणि तिथला रेडियस किती ठेवायचा

हिंगणा एमआयडीसीत मी मेंटेनन्सची आणि थोडीफार डिझाइनची कामं करतो, आणि तुटलेले शाफ्ट माझ्याकडे नेहमीच येतात. त्यातले बरेच एकाच जागी तुटलेले असतात, जिथं जाड व्यास संपतो आणि बारीक व्यास सुरू होतो तिथं, म्हणजे शोल्डरला. शाफ्ट घेऊन येणारा माणूस हमखास म्हणतो, मटेरियल खराब होतं भाऊ. कधी असतंही, पण बहुतेक वेळा मटेरियल बिचारं ठीक असतं आणि कोपऱ्यातला रेडियस इतका बारका असतो की बोटाला नुसती धार लागते.

या लेखात फक्त पिळाचं सांगतो, म्हणजे टॉर्शन, शाफ्ट वाकण्याचं नाही. आणि एकच शाफ्ट घेऊन सांगतो म्हणजे डोक्यात गोंधळ होणार नाही.

बुटीबोरीकडच्या एका पशुखाद्याच्या प्लांटात रिबन मिक्सर होता. गिअरबॉक्स आणि मिक्सर यांच्यामध्ये एक छोटा शाफ्ट, मधला भाग 48 मिमी, दोन्ही बाजूंना 40 मिमी, 40 च्या जागेवर 6208 बेअरिंग, आणि त्याच्याही पुढे दोन्ही टोकांना कपलिंग. कपलिंग चावीवालं नव्हतं, रिंग आवळून धरणारं होतं, त्यामुळे की-वेचा प्रश्न नव्हता (की-वे असता तर आधी तिथं बघावं लागलं असतं). या शाफ्टवर ना गिअर ना स्प्रॉकेट, म्हणजे वाकवणारं जवळपास काहीच नाही, निव्वळ पीळ. पण मिक्सर उलट-सुलट फिरायचा, साधारण मिनिटाला एकदा पुढे आणि एकदा मागे, दिवसाला दोन शिफ्ट. सव्वा वर्षात शाफ्ट गेला, 48 आणि 40 च्या शोल्डरवर.

आधी हे बघू की कोपऱ्यात नेमकं होतं काय. गोल दांडा पिळला की मधोमध स्ट्रेस शून्य असतो आणि बाहेरच्या पृष्ठभागावर सगळ्यात जास्त, म्हणजे खरं काम बाहेरची साल करते. किती करते ते ऐकून मलाही पहिल्यांदा नवल वाटलं होतं. 48 च्या शाफ्टमध्ये 40 व्यासाच्या बाहेरची जी 4 मिमी जाडीची साल आहे ना, ती एकटी निम्म्याहून जास्त टॉर्क वाहते, साधारण 52 टक्के (हिशोब व्यासाच्या चौथ्या घातावर चालतो, 40 भागिले 48 चा चौथा घात 0.48 येतो, तेवढा आतला वाटा, उरलेला सालीचा). आता शोल्डरला ही सालच संपते. तिच्यातला सगळा टॉर्क तिथं पोचायच्या आधी आत वळून 40 च्या भागात शिरायला पाहिजे, आणि शिरताना तो आतल्या कोपऱ्याला चिकटून वळतो.

सीताबर्डीच्या मोठ्या रस्त्यावरून संध्याकाळी गर्दी एखाद्या बोळीत वळते तेव्हा बघा, सगळे कोपऱ्यावरच्या दुकानाला घासून वळतात, बोळीच्या मधोमध जागा असते तरी. कोपरा काटकोनी असेल तर तिथं चेंगराचेंगरी, आणि तोच कोपरा गोल करून दिला तर गर्दी तेवढीच असूनही लोक आधीपासून वळायला लागतात आणि दाटी पसरते. शाफ्टमध्ये ही गोलाई म्हणजे फिलेट. फिलेटने टॉर्क कमी होत नाही, तो तेवढाच राहतो, फक्त वळायला लांबी मिळते. शोल्डरच्या बाहेरच्या कडेचं मटेरियल मात्र जवळपास रिकामं बसलेलं असतं, तिथं स्ट्रेस अगदी थोडा. सगळ्यात जास्त स्ट्रेस असतो तो फिलेटमध्येच, बारक्या व्यासाला तो जिथं मिळतो त्याच्या जवळ. ही जागा लक्षात ठेवा, पुढे ग्राइंडिंगच्या वेळी लागणार आहे.

आता आकडे. मोटर 5.5 किलोवॅट, मिक्सरचा वेग 70 आरपीएम, आणि ड्राइव्हमध्ये टॉर्क लिमिट लावलेली, त्यामुळे उलटं फिरतानाही टॉर्क यापेक्षा फारसा वर जात नाही असं धरू. मोटर डायरेक्ट ऑनलाइन चालू होत असती तर सुरुवातीचा झटका याच्या दुप्पट किंवा जास्तही असता, तेव्हा तोच धरावा लागला असता.

```
T = 9550 × P / n = 9550 × 5.5 / 70 = 750 N·m
τ = 16 T / (π d³) = 16 × 750000 / (π × 40³) ≈ 60 MPa
```

इथं d म्हणजे बारका व्यास, 40. पुष्कळ जण जाड व्यास टाकतात आणि मग सगळं छान दिसतं. शोल्डरचा फॅक्टर नेहमी बारक्या व्यासावरच्या स्ट्रेसला लावायचा असतो, चार्ट तसेच बनवलेले आहेत.

60 मेगापास्कल म्हणजे या शाफ्टच्या ईएन-8 स्टीलला काहीच नाही, असं वाटतं. पण हा सरळ गुळगुळीत दांड्याचा आकडा. कोपऱ्यात तो किती पट होतो ते दोन गुणोत्तरांवर ठरतं, D/d म्हणजे स्टेप केवढी आहे, आणि r/d म्हणजे रेडियस व्यासाच्या मानाने केवढा आहे. आपलं D/d आहे 48/40, म्हणजे 1.2. या गुणोत्तरासाठी चार्टच्या रेषेला बसवलेलं सूत्र असं आहे, Kts म्हणजे ती पट:

```
Kts = 0.834 × (r/d)^(-0.216)
```

ड्रॉइंगमध्ये रेडियस लिहिलेलाच नव्हता. मग तो आला कुठून? टर्नरच्या इन्सर्टमधून. टर्निंगच्या इन्सर्टची नाकाची गोलाई साधारण 0.4, 0.8, 1.2 मिमी अशी येते आणि फिनिशिंगला बहुतेक जण 0.4 लावतात. टूल शोल्डरपर्यंत सरळ गेलं, थांबलं, बाहेर आलं, की कोपऱ्यात 0.4 चा रेडियस आपोआप राहतो. ज्या काकांनी तो शाफ्ट केला होता त्यांना मी विचारलं तर ते म्हणाले, "ड्रॉइंगमंदी रेडियस हायेच नाही बावा, मंग मी काहून मनानं टाकू? बेरिंग नाही बसलं तं मलाच बोलतील." त्यांचं बरोबरच होतं. ज्या कोपऱ्याचा रेडियस डिझाइनवाला ठरवत नाही तो इन्सर्ट ठरवतो.

0.4 टाकून बघा. r/d 0.01, Kts येतो साधारण 2.26. रेडियस 1 मिमी केला तर 1.85, 2 मिमी केला तर 1.59, 3 मिमी केला तर 1.46. सुरुवातीला फॅक्टर झपाट्याने खाली येतो आणि नंतर रेंगाळतो, 0.4 वरून 2 ला जाण्यात जो फायदा आहे तो 2 वरून 3 ला जाण्यात नाही. एक सांगून ठेवतो, r/d एक टक्क्याच्या खाली गेलं की चार्टच्या रेषा इतक्या उभ्या होतात की त्या आकड्यावर भरवसा ठेवू नये, तिथं फक्त "वाईट आहे" एवढंच समजावं.

स्टेपच्या उंचीचंही थोडं. रेडियस 1 मिमीच ठेवून जाड व्यास 48 ऐवजी 80 केला, म्हणजे D/d थेट 2, तर फॅक्टर 1.85 वरून 2.08 च होतो. म्हणजे स्टेप एकदा पुरेशी मोठी झाली की आणखी वाढवून फार बिघडत नाही, कारण बाहेरचं मटेरियल नाहीतरी रिकामंच बसलेलं असतं. उलट स्टेप अगदी छोटी केली, D/d 1.09 च्या आसपास, तर तोच 1 मिमी रेडियस ठेवून फॅक्टर 1.45 च्या खाली येतो. पण आपल्याला हे करता येत नाही, कारण 6208 ला टेकायला शोल्डर किमान 47 मिमी लागतो.

आता एक महत्त्वाचा फरक. हा फॅक्टर स्थिर टॉर्कला लावायचा नसतो, निदान ईएन-8 सारख्या डक्टाइल स्टीलला, म्हणजे तुटायच्या आधी ताणल्या जाणाऱ्या स्टीलला तरी नाही. टॉर्क एकदा लागला आणि तसाच राहिला तर कोपऱ्यातलं टिचभर मटेरियल थोडं यील्ड होतं, शेजारचं ओझं उचलतं, आणि विषय संपतो. पंप किंवा ब्लोअर एकाच दिशेला सलग दिवसभर चालतो, तिथं बारका कोपराही वर्षानुवर्षं निभतो. कोपरा मारतो तो टॉर्क पुन्हा पुन्हा बदलला की, आणि दिशा उलटली तर सगळ्यात जास्त. आपला मिक्सर मिनिटाला एकदा पूर्ण उलटतो, 16 तासांत साडेनऊशेच्या वर चक्रं, सुट्ट्या वगळून सव्वा वर्षात साडेतीन लाखांच्या घरात. ही सरळ फटीगची, म्हणजे ओझं पुन्हा पुन्हा बदलून मटेरियल थकण्याची गोष्ट आहे.

फटीगमध्ये चार्टवरचा Kts जसाच्या तसा लागत नाही, थोडा कमी लागतो. खूप बारक्या कोपऱ्यात स्ट्रेसचं शिखर उंच असतं पण इतकं अरुंद की मटेरियलच्या थोड्याशाच कणांना ते जाणवतं. मऊ स्टील हे जास्त पोटात घालतं, कडक स्टील कमी घालतं. याला नॉच सेन्सिटिव्हिटी म्हणतात, q, आणि हिशोब असा:

```
Kfs = 1 + q × (Kts − 1)
```

600 मेगापास्कल टेन्साइलचं ईएन-8 धरलं तर 0.4 रेडियसला q साधारण 0.69, म्हणजे Kfs 1.87, म्हणजे कोपऱ्यातला खरा जाणवणारा स्ट्रेस 60 गुणिले 1.87, साधारण 112 मेगापास्कल. 1 मिमीला Kfs 1.66, स्ट्रेस 99. 2 मिमीला Kfs 1.50, स्ट्रेस 90. आणि मटेरियल झेपवतं किती? टेन्साइलच्या निम्मं घ्यायचं, मग मशीनिंग केलेला पृष्ठभाग, 40 मिमीचा आकार, पिळाचा प्रकार, या सगळ्यांचे कटौतीचे फॅक्टर लावायचे, सरासरी शाफ्टला साधारण 120 मेगापास्कल येतं, आणि शंभरातले नव्याण्णव शाफ्ट टिकायला हवेत असं म्हटलं तर 97 च्या आसपास.

म्हणजे बघा काय झालंय. 112 हा आकडा 120 आणि 97 च्या मध्ये पडतो. शंभर शाफ्ट असे केले तर पुष्कळ टिकतील आणि काही तुटतील. म्हणून तर भांडण होतं, एका प्लांटात तोच शाफ्ट सहा वर्षं चालतो आणि दुसऱ्यात सव्वा वर्षात जातो, आणि ज्याचा गेला तो मटेरियलला दोष देतो. 1 मिमीला आपण कडेवर आहोत, 2 मिमीला कडेच्या आत.

मटेरियलचाच विषय निघाला म्हणून सांगतो, कारण त्या प्लांटात दुसरा शाफ्ट ईएन-24 चा करायचं ठरत होतं, कोपरा तसाच ठेवून. मी बसून दोन्ही हिशोब केले. ईएन-24 हार्डन-टेम्पर करून 900 मेगापास्कल धरा, म्हणजे ताकद दीडपट. पण कडक स्टीलला मशीनिंगचे ओरखडे जास्त बाधतात, आणि q सुद्धा वाढतो, 0.4 च्या कोपऱ्याला 0.69 वरून 0.80 होतो. सगळं लावून शेवटी फायदा येतो तो साधारण 25 टक्के, दीडपट नाही. आणि ईएन-8 च ठेवून रेडियस 0.4 चा 2 केला तर फायदा किती? 1.87 भागिले 1.50, तोही 25 टक्के. एका बाजूला महाग स्टील, हीट ट्रीटमेंट, टेढं झालं तर सरळ करणं, आणि दुसऱ्या बाजूला कोपऱ्यात टूल थोडं गोल फिरवणं. स्टील बदलायला माझी ना नाही, पण कोपरा सुधारल्यावर बदला, त्याच्या आधी नाही.

मग 2 मिमी टाकून मोकळं व्हायचं ना? इथंच बेअरिंग आडवं येतं, आणि बहुतेक लोक इथंच अडकतात. 6208 च्या आतल्या रिंगच्या कोपऱ्याची गोलाई कंपनी किमान 1.1 मिमी देते, आणि म्हणून शाफ्टवरचा फिलेट जास्तीत जास्त 1 मिमी सांगते. 2 मिमीचा फिलेट ठेवून बेअरिंग ठोकलं तर रिंग शोल्डरला टेकतच नाही, फिलेटवर चढून बसते. बाहेरून दिसतं बसलं, आवाजही येतो बसल्याचा, पण शोल्डर आणि रिंगच्या मध्ये फीलर गेजची 0.05 ची पट्टी सरळ आत जाते. असं बेअरिंग तिरकं बसतं, तापतं, आणि कधीकधी रिंगच फुटते. म्हणून काकांची भीती खरी होती. स्ट्रेसला 2 पाहिजे, बेअरिंगला 1 च्या वर चालत नाही.

याच्यावर उपाय मला तीन माहीत आहेत. पहिला म्हणजे कोपऱ्यात ग्रूव्ह मारणं, ग्राइंडिंग रिलीफ म्हणतात तो. वर्कशॉपात हा सगळ्यात आवडता कारण पार्टिंग टूलने अर्ध्या मिनिटात होतो, आणि पिळाच्या शाफ्टला हाच सगळ्यात वाईट. 40 चा व्यास आणखी कमी केला आणि तळाशी दोन धारदार कोपरे ठेवले, म्हणजे एक दुखणं काढून दोन लावली. गोल तळाचं फॉर्म टूल वापरलं तर निभतं, पण पार्टिंग टूलने कधीच नाही. दुसरा उपाय म्हणजे फिलेट शोल्डरच्या तोंडात आत खणणं, व्यासाला हात न लावता. डिझाइन म्हणून हा चांगला, 40 चा व्यास 40 च राहतो आणि बेअरिंग शोल्डरच्या उरलेल्या तोंडाला टेकतं. पण साध्या लेथवर ते टूल आणि तो हात दोन्ही पाहिजे, आणि नंतर तपासायलाही कठीण.

तिसरा म्हणजे स्पेसर रिंग, आणि आपण तेच केलं. शोल्डर आणि बेअरिंगच्या मध्ये 6 मिमी जाडीची एक सुटी रिंग, आतून शाफ्टवर सैल, आणि शोल्डरच्या बाजूच्या आतल्या कडेला 2.5 मिमीचा चॅम्फर. फिलेट या चॅम्फरच्या पोकळीत बसतो, रिंग शोल्डरला टेकते, बेअरिंग रिंगला टेकतं, आणि बेअरिंगला फिलेटचा पत्ताच लागत नाही.

मग रेडियस 3 का नाही घेतला? शोल्डरची उंची आहे 4 मिमी, दोन्ही व्यासांच्या फरकाचं निम्मं. 2 मिमीच्या फिलेटला सामावायला चॅम्फर 2.5 घेतो, उरलं टेकायला 1.5 मिमीचं सपाट तोंड सगळीकडून. 3 चा फिलेट केला तर चॅम्फर साडेतीन, उरतो अर्धा मिमी, आणि शोल्डरच्या कडेला जी छोटी चॅम्फर असते तीही त्यातूनच जाते, मग टेकणार कशावर? फायदा तर 1.50 वरून 1.40, म्हणजे सहा-सात टक्के. त्यासाठी बसण्याची जागा घालवायची नाही. शाफ्ट नव्याने डिझाइन करत असतो तर मी जाड व्यास 52 घेतला असता आणि 3 चा फिलेट दिला असता, पण इथं हाउसिंग आधीच होतं. आणि 2 मिमीलाही 97 विरुद्ध 90, म्हणजे हाताशी उरतं फक्त आठ टक्क्यांच्या आसपास. मला ते कमी वाटलं, म्हणून ड्राइव्हमध्ये उलटं फिरण्याच्या आधी तीन सेकंद थांबा टाकला, मिक्सर पूर्ण थांबल्यावरच दिशा बदलते, त्याने झटका नक्की कमी झाला.

नवा शाफ्ट लेथवरून छान आला. रेडियस गेजची 2 ची पट्टी कोपऱ्यात ठेवून मागून मोबाइलचा टॉर्च लावला, उजेडाची फट कुठंच नाही. मग तो ग्राइंडिंगला गेला, कारण बेअरिंगची जागा ग्राइंड करावी लागते, आणि परत आला तेव्हा मी अंगठ्याचं नख 40 च्या व्यासावरून हळूहळू शोल्डरकडे सरकवत नेलं. फिलेट सुरू व्हायच्या नेमक्या जागी नख अडकलं. डोळ्याला एक चमकदार रेघ, बाकी काही नाही. झालं असं की ग्राइंडिंग व्हीलची कड चौकोनी होती, ती फिलेटच्या पायथ्याशी गेली आणि तिथं एक बारीक पायरी कापून आली. वर सांगितलेली तीच जागा, जिथं स्ट्रेस सगळ्यात जास्त. 2 मिमीचा फिलेट गेजने मोजला तर 2 च भरतो, ड्रॉइंग पास होतं, आणि खरा कोपरा मात्र त्या रेघेचा, 0.2 किंवा त्याहून बारका. तो शाफ्ट आम्ही लावला नाही. दुसऱ्या वेळी व्हीलची कड डायमंडने 2 च्या रेडियसला ड्रेस करून घेतली आणि नंतर फिलेटवर बारीक पॉलिश पेपर फिरवला, मग नख सरळ वर चढलं, कुठंही न अडकता. रेडियसच्या नुसत्या आकड्यापेक्षा ही नखाची परीक्षा मला जास्त भरवशाची वाटते.

तुटलेला शाफ्ट हातात आला तर तो पिळाच्या फटीगने गेला की आणखी कशाने, हे कसं ओळखायचं तेही सांगतो, कारण वाकण्याने तुटला असेल तर वरचे पिळाचे आकडे कामाचे नाहीत. एक खडू घ्या आणि दोन्ही टोकं धरून नुसता पिळा, वाकवू नका. तो आडवा तुटत नाही, 45 अंशाच्या तिरक्या फिरत्या रेषेत तुटतो, जिन्यासारखा. पिळात सगळ्यात जास्त ओढ त्या तिरक्या दिशेला असते आणि खडू ओढीला कच्चा, म्हणून. स्टीलमध्ये फटीगची भेग बहुतेक वेळा याच तिरक्या दिशेने वाढते. टॉर्क एका दिशेचा असेल तर एकीकडे तिरकी, दोन्ही दिशांनी उलटत असेल तर दोन्हीकडे तिरकी, आणि शोल्डरच्या कोपऱ्यात अशा पुष्कळ भेगा गोलाकार एकाच वेळी सुरू होतात, त्यामुळे तुटलेलं तोंड करवतीच्या दातांसारखं दिसतं. मिक्सरचा जुना शाफ्ट तसाच होता, कडेने दाते, मधोमध शेवटी तुटलेला खरबरीत गोळा.

तोंड सपाट आणि आडवं, आणि त्यावर शिंपल्यासारख्या वळ्या असतील तर वाकण्याचा संशय घ्या, अलाइनमेंट बघा, कपलिंग बघा. आणि तोंड सपाट पण त्यावर फिरक्यासारखी गोल घसट असेल, शाफ्ट थोडा पिळलेला दिसत असेल, तर तो एका फटक्यात ओव्हरलोडने गेला, आत काहीतरी अडकलं होतं. तिथं फिलेट कितीही सुधारला तरी उपयोग नाही, व्यास वाढवायचा किंवा टॉर्क लिमिट लावायची.

फिलेटचा हा प्रश्न नवा नाही. 1843 मध्ये रँकिनने रेल्वेच्या ॲक्सलबद्दल हेच लिहिलं होतं, की जर्नलच्या शोल्डरला काटकोन नको, मोठी गोलाई ठेवा. तिथं वाकण्याचा मामला होता, आपला पिळाचा, पण कोपरा तोच.

शेवटी ड्रॉइंगवर काय लिहिलं तेही देतो, कारण "फिलेट 2" एवढंच लिहून पुरत नाही. आम्ही लिहिलं: शोल्डरला रेडियस 2, कमाल 2.2 आणि किमान 1.8, ग्राइंडिंगनंतर फिलेटमध्ये पायरी किंवा रेघ चालणार नाही, व्हीलची कड रेडियस 2 ला ड्रेस करावी, रिलीफ ग्रूव्ह मारू नये. शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची निघाली, नाहीतर चांगल्या मनाने कुणीतरी ग्रूव्ह मारून देतोच. कमाल 2.2 लिहायचं कारण रिंगचा चॅम्फर, फिलेट 2.5 च्या पुढे गेला तर रिंगसुद्धा बेअरिंगसारखीच चढून बसेल.

आणि रिंगमध्ये एक बदल नंतर करावा लागला. पहिल्या असेंब्लीत फिटरने रिंग उलटी घातली, चॅम्फर बेअरिंगच्या बाजूला आणि धारदार कड फिलेटवर. ती कड फिलेटवर दाबून बसली होती, म्हणजे ज्या जागेला आम्ही इतकं जपलं तिथंच ओरखडा. फीलर गेज आत गेला म्हणून कळलं. त्यात फिटरची चूक नव्हती, 6 मिमीची रिंग, दोन्ही बाजू लांबून सारख्याच दिसतात. आता आम्ही चॅम्फर दोन्ही बाजूंना देतो, 2.5 चाच, आणि रिंगचा बाहेरचा व्यास 50 ठेवतो. बेअरिंगच्या बाजूने 45 पासून 50 पर्यंत टेकायला पुरेशी जागा उरते, आणि रिंग कशीही घातली तरी सरळच बसते.